परिच्छेदातला न लिहिलेला भाग: विषयवाक्य, पुरावा, विश्लेषण, दुवा

निबंध किंवा दीर्घोत्तर लिहिताना एका परिच्छेदाने चार कामे करायची असतात. आधी एक दावा मांडायचा, तो विषयवाक्यात. मग त्या दाव्याला आधार द्यायचा, तो पुरावा. त्या पुराव्यावरून दावा कसा सिद्ध होतो हे उलगडून सांगायचे, ते विश्लेषण. आणि शेवटी परिच्छेद मूळ प्रश्नाशी किंवा पुढच्या परिच्छेदाशी बांधायचा, तो दुवा. इंग्लंडमधल्या शाळांत हीच रचना ‘पील’ या नावाने शिकवतात. आपल्याकडे तिला असे सुटसुटीत नाव नाही, पण केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या निबंधाच्या पेपरपासून एम.ए.च्या प्रबंधिकेपर्यंत सगळीकडे तिची गरज पडते.

या चारांपैकी तीन भाग बहुतेकांना लवकर जमतात. तिसरा, म्हणजे विश्लेषण, मात्र वारंवार गळतो, आणि तो गळला आहे हे लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. म्हणून इथे बाकीच्या तिघांवर थोडक्यात आणि विश्लेषणावर सविस्तर लिहिले आहे. उदाहरण सगळीकडे एकच घेतले आहे. प्रश्न असा: राजर्षी शाहू महाराजांचे 1902 चे आरक्षण ही केवळ घोषणा होती, की अंमलबजावणीचा विचार करून काढलेला आदेश?

आधी बिघडलेला परिच्छेद

या प्रश्नावर साधारणपणे असे उत्तर लिहिले जाते:

“राजर्षी शाहू महाराज हे थोर समाजसुधारक होते. त्यांनी 26 जुलै 1902 रोजी करवीर संस्थानात मागास वर्गांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या. नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सादर करावा, असेही खातेप्रमुखांना सांगितले. 1901 मध्ये त्यांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले होते. 1917 मध्ये त्यांनी सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण आणले. यावरून महाराजांची दूरदृष्टी दिसून येते. त्यांचे कार्य आजही प्रेरणादायी आहे.”

यातली माहिती बरोबर आहे. वाक्ये शुद्ध आहेत. तरीही प्रश्नाचे उत्तर यात नाही. घोषणा की आदेश, याचा निकाल परिच्छेद लावतच नाही. वाचणाऱ्याने तो आपल्या मनाने लावायचा. पहिले वाक्य दावा करत नाही, मधली चार वाक्ये एकापुढे एक ठेवलेले पुरावे आहेत, आणि शेवटची दोन स्तुतीची आहेत. विश्लेषणाचे एकही वाक्य नाही. “यावरून” हा शब्द आहे खरा, पण कशावरून काय निघते, हे त्याच्यामागे कुठेच लिहिलेले नाही.

पहिली पायरी: विषयवाक्य

विषयवाक्याची कसोटी सोपी आहे. वाक्य लिहून झाले की त्याच्यापुढे “खरंच का?” असे विचारून पाहा. “शाहू महाराजांनी 1902 मध्ये आरक्षण लागू केले” या वाक्यापुढे हा प्रश्न विचारला तर उत्तर “हो” एवढेच येते आणि बोलणे संपते. ती माहिती झाली. आता हे वाक्य पाहा: “1902 चा आदेश खात्यांच्या दप्तरात विरून जाऊ नये, याची तजवीज शाहू महाराजांनी आदेशाच्या मजकुरातच करून ठेवली होती.” इथे “खरंच का?” म्हटले की “दाखवा बरं” असे पुढे आपोआप येते. दाखवण्याजोगे काही असेल तरच परिच्छेदाला काम उरते.

विषयवाक्य पंधरा-वीस शब्दांत बसावे आणि त्यात एकच दावा असावा. “आणि” घालून दोन दावे जोडले की पुढे दोन्हीकडे पुरावा द्यावा लागतो आणि विश्लेषणाला जागा राहत नाही. विश्लेषण गळायला सुरुवात कित्येकदा इथूनच होते.

दुसरी पायरी: पुरावा

1902 च्या आदेशात वापरता येतील अशा तीन गोष्टी आहेत. आदेश मिळाल्या दिवसापासून ज्या जागा रिकाम्या होतील, त्यांपैकी 50 टक्के मागास वर्गांतून भरायच्या. ज्या कचेरीत या वर्गांचे प्रमाण 50 टक्क्यांपेक्षा कमी असेल, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करायची. आणि आदेशानंतर झालेल्या सर्व नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी सादर करायचा.

तिन्ही एकाच परिच्छेदात घालण्याचा मोह होतो. तो टाळावा. दीडशे शब्दांच्या परिच्छेदात तीन पुरावे मांडले तर शंभर शब्द मांडण्यातच जातात. एक निवडा, आपल्या दाव्याला सर्वांत जवळचा, आणि बाकीचे पुढच्या परिच्छेदांसाठी ठेवा. आपला दावा “आदेश विरून जाऊ नये” असा आहे, तेव्हा तिमाही तक्ता हा पुरावा सर्वांत नेमका बसतो. वसतिगृह आणि सक्तीचे शिक्षण ही मोठी कामे आहेत, पण या दाव्याशी त्यांचा थेट संबंध नाही.

पुरावा देताना तो कुठला आणि केव्हाचा हे सांगा: करवीर सरकारचे गॅझेट, 26 जुलै 1902. मूळ मजकुराचा आशय आपल्या शब्दांत दिला असेल तर त्याला अवतरणचिन्हे लावू नका. अवतरणात टाकाल तो शब्द न् शब्द मूळचाच असला पाहिजे, आणि तो तुम्ही पुढे चर्चेला घेणार असाल तरच टाका.

तिसरी पायरी: विश्लेषण

विश्लेषण लिहायचे म्हणजे नक्की काय लिहायचे, हे बहुतेक ठिकाणी सांगितले जात नाही. “सखोल विश्लेषण करा” एवढा शेरा वहीत मिळतो आणि विद्यार्थी आणखी दोन पुरावे घालतो. खरे तर पुराव्याला तीन प्रश्न विचारले की विश्लेषणाची वाक्ये हाताला लागतात.

पहिला प्रश्न: यातला नेमका कोणता तपशील माझ्या दाव्याचे काम करतो? “तक्ता मागवला” हा तपशील ढोबळ आहे. जवळ जाऊन पाहिले की दोन गोष्टी दिसतात. तक्ता सर्व नेमणुकांचा हवा आहे, फक्त मागास वर्गांतल्या नेमणुकांचा नाही. आणि तो दर तीन महिन्यांनी हवा आहे, वर्षातून एकदा नाही.

दुसरा प्रश्न: हा तपशील वेगळा असता तर काय झाले असते? हा प्रश्न सर्वांत उपयोगी आहे, कारण त्याचे उत्तर पुराव्यात आयते लिहिलेले नसते. ते आपल्यालाच काढावे लागते. फक्त मागास वर्गांतल्या नेमणुका कळवायच्या असत्या, तर एखादे खाते दोन-चार नावे पाठवून मोकळे झाले असते आणि बाकीच्या वीस जागा कुणाला दिल्या हे कळलेच नसते. सर्व नेमणुका समोर असल्या की निम्म्या खरोखर दिल्या की नाही, हे मोजता येते. मुदत वर्षाची असती, तर उणीव दिसेपर्यंत जागा भरून गेल्या असत्या.

तिसरा प्रश्न: एवढ्याने काय सिद्ध होत नाही? तक्ता मागवल्याने टाळाटाळ उघडी पडते, पण जागेला लायक असा शिकलेला उमेदवार त्यातून तयार होत नाही. हे कबूल केल्याने दावा लंगडा पडत नाही. तो कुठवर खरा आहे, हे आखून दिले जाते आणि वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

चौथी पायरी: दुवा

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून दुवा बहुधा आपोआपच निघतो. उमेदवार तक्त्यातून तयार होत नाही, मग कुठून होतो? वसतिगृहांतून. पुढचा परिच्छेद वसतिगृहांवर. “आता आपण त्यांच्या शैक्षणिक कार्याकडे वळू” असे वाक्य टाकले तर विषय बदलल्याची सूचना मिळते, संबंध मात्र कळत नाही. शेवटच्या परिच्छेदाचा दुवा तेवढा मागे, मूळ प्रश्नाकडे न्यावा.

आता पूर्ण परिच्छेद वाचा:

“1902 चा आदेश खात्यांच्या दप्तरात विरून जाऊ नये, याची तजवीज शाहू महाराजांनी आदेशाच्या मजकुरातच करून ठेवली होती. करवीर सरकारच्या गॅझेटात 26 जुलै 1902 रोजी आलेल्या या आदेशाने प्रत्येक खातेप्रमुखावर एक काम सोपवले: आदेशानंतर झालेल्या सर्व नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सादर करायचा. तक्ता सर्व नेमणुकांचा मागितला आहे, हे महत्त्वाचे. फक्त मागास वर्गांतल्या नेमणुका कळवायच्या असत्या, तर दोन-चार नावे पाठवून खात्याला बाजू सावरता आली असती. सगळ्या नेमणुका एका कागदावर आल्या की निम्म्या जागा खरोखर दिल्या की नाही, हे मोजून ताडता येते. मुदतही तितकीच बोलकी आहे. वर्षाअखेरीस हिशेब मागितला असता तर तोवर जागा भरून गेल्या असत्या. तीन महिन्यांत उणीव दिसली तर पुढच्या नेमणुकीत ती भरून काढता येते. उघड विरोधापेक्षा मुकाट टाळाटाळीची शक्यता धरूनच हा आदेश लिहिलेला दिसतो. तक्त्याने टाळाटाळ उघडी पडते, पण शिकलेला उमेदवार काही तक्त्यातून निर्माण होत नाही. ते काम वसतिगृहांना करावे लागले.”

सुमारे एकशे तीस शब्दांत पुरावा एका वाक्याचा आहे आणि विश्लेषण आठ वाक्यांचे. परिच्छेदाचा निम्मा भाग विश्लेषणाला गेला पाहिजे, असा अंदाज धरावा. पुराव्यापेक्षा विश्लेषण कमी शब्दांत उरकले असेल, तर बहुधा काहीतरी राहिलेले असते.

विश्लेषण का गळते

सर्वांत मोठे कारण असे, की लिहिणाऱ्याच्या डोक्यात ते आधीच झालेले असते. तिमाही तक्त्याचा तपशील तुम्ही निवडला, कारण वाचतानाच तुम्हाला जाणवले की हा माणूस आदेश काढून स्वस्थ बसलेला नाही. त्या क्षणापासून तुमच्या मनात तक्ता आणि ती जाणीव एकमेकांना चिकटतात. मग कागदावर “तक्ता” लिहिले की जाणीवही लिहिली गेली, असे वाटते. वाचणाऱ्याला मात्र नुसता तक्ता दिसतो. त्यामुळे विश्लेषण न लिहिलेला माणूस आळशीच असतो असे नाही. अनेकदा ज्याला विषय पक्का कळलेला असतो त्याच्याच लेखनात ते गळते, कारण त्याला सगळे उघड वाटत असते.

दुसरे कारण टिपणवहीत सापडते. टिपणे काढताना आपण सन, आकडे, नावे, तरतुदी उतरवतो; त्या वाचून काय वाटले ते उतरवत नाही. महिन्याभराने निबंध लिहायला बसलो की वहीत फक्त पुरावे असतात आणि तेच कागदावर उतरतात. यावर उपाय आहे: वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे तपशील आणि उजवीकडे, त्याच बैठकीत, “म्हणजे काय?” याचे एक वाक्य. उजवी बाजू कोरी राहिली तर तो तपशील अजून वापरण्याजोगा झालेला नाही, असे समजा.

तिसरे, शाळेची सवय. मुद्द्याला गुण असतात, तेव्हा जितके मुद्दे तितके गुण, हा हिशेब दहावी-बारावीपर्यंत पक्का बसतो. “सविस्तर लिहा” म्हणजे जास्त मुद्दे लिहा, असाच अर्थ आपण घेतो. पुढे प्रश्नात “चिकित्सा करा” किंवा “कितपत” आले तरी हात मुद्देच लिहीत राहतो.

आणि भीतीही असते. 26 जुलै 1902 ही तारीख कुणी खोडून काढणार नाही. पण “टाळाटाळीची शक्यता धरून आदेश लिहिलेला दिसतो” हे तुमचे म्हणणे आहे आणि ते कुणीही खोडू शकते. म्हणून लिहिणारा सुरक्षित जागी जातो, आणि मराठीत सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे गौरव. दूरदृष्टी, मोलाचे योगदान, प्रेरणादायी कार्य. या शब्दांना कोणी हरकत घेत नाही. पण ते शाहू महाराजांच्या जागी दुसऱ्या कुठल्याही सुधारकाचे नाव घातले तरी तसेच बसतात, आणि तिथेच त्यांचा उपयोग संपतो.

विश्लेषणासारखे दिसणारे

स्तुती ओळखायला सोपी. पुनरुक्ती जरा फसवी असते: “खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी तक्ता सादर करायचा होता. म्हणजेच त्यांना नियमितपणे माहिती द्यावी लागणार होती.” “म्हणजेच” आल्यामुळे काहीतरी उलगडल्याचा भास होतो, पण दुसऱ्या वाक्यात पहिल्यापेक्षा काहीही जास्त नाही. तपासायचे असेल तर पुरावा झाकून फक्त विश्लेषणाचे वाक्य वाचा. ते पुराव्याचीच छोटी आवृत्ती वाटले तर ती पुनरुक्ती. ते कुठल्याही पुराव्याखाली चालून जाईल असे वाटले तर ती स्तुती.

“यावरून दिसून येते” आणि “यावरून स्पष्ट होते” या शब्दयोजनांकडे विशेष लक्ष द्या. त्या चुकीच्या नाहीत. पण त्यांच्यानंतर नुसते गुणवाचक नाम आले (दूरदृष्टी, तळमळ, कणखरपणा) तर तिथे विश्लेषण नाही. त्याच जागी “कारण” घालून वाक्य पूर्ण करायचा प्रयत्न करा. “यावरून दूरदृष्टी दिसते, कारण…” पुढचे जे शब्द सुचतील, तेच तुमचे विश्लेषण. ते ठेवा आणि आधीचे खुशाल काढून टाका.

पुरावा आकड्यांचा असेल तर

आकड्यांत विश्लेषण हमखास गळते, कारण आकडा स्वतःच बोलतो अशी समजूत आहे. शाहू महाराजांवरच्या लेखनात नेहमी येणारे आकडे घेऊ: 1894 मध्ये संस्थानाच्या सामान्य प्रशासनातल्या 71 जागांपैकी 60 ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे होत्या, 1912 मध्ये 95 पैकी 35. बहुतेक जण इथेच “यावरून आरक्षणाचे यश दिसते” असे लिहून थांबतात.

थोडा हिशेब करा. 71 पैकी 60 म्हणजे सुमारे 85 टक्के, 95 पैकी 35 म्हणजे सुमारे 37 टक्के. पण एकूण जागाही 24 ने वाढल्या आहेत, तेव्हा शंका येते की फक्त नव्या जागा इतरांना दिल्या असतील. तसे असते तर जुने 60 तसेच राहिले असते आणि प्रमाण 95 पैकी 60, म्हणजे सुमारे 63 टक्क्यांवर थांबले असते. ते 37 वर आले, याचा अर्थ जुन्या जागाही रिकाम्या होताना दुसऱ्यांकडे गेल्या. “रिकाम्या होणाऱ्या जागा” हे आदेशातले कलम इथे आकड्याशी जुळते. त्याच वेळी मोजणी 1894 पासूनची आहे आणि आदेश 1902 चा, म्हणून सगळी घट आदेशाच्या नावावर टाकता येत नाही. पहिल्या आठ वर्षांत किती बदल झाला, हे या दोन आकड्यांतून कळत नाही. असे लिहिले की तेच दोन आकडे पुराव्याचे खरे काम करू लागतात.

लिहून झाल्यावरची तपासणी

कच्चा मसुदा झाला की दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. पुराव्याच्या प्रत्येक वाक्याखाली एका रंगाची रेघ, विश्लेषणाच्या वाक्याखाली दुसऱ्या. विषयवाक्य आणि दुवा तसेच सोडा. एका परिच्छेदात पहिल्याच रंगाच्या सलग तीन-चार रेघा आल्या, तर त्या जागी थांबून शेवटच्या पुराव्याला वरचे तीन प्रश्न विचारा आणि आधीचे पुरावे कमी करता येतात का ते पाहा. रेघ कुठली मारावी हे कळेना, तर ते वाक्य बहुधा पुनरुक्ती किंवा स्तुती असते.

शब्दमर्यादा ओलांडली की काटछाट करताना विश्लेषणच आधी जाते, कारण ते काढल्याने “माहिती” कमी होत नाही. उलट करा: एक पूर्ण पुरावा, त्याच्या विश्लेषणासकट, काढा आणि उरलेला शाबूत ठेवा.

ही रचना सगळीकडे लावायची नाही. व्याख्या देणारा, घटनाक्रम सांगणारा किंवा प्रयोगाची कृती लिहिणारा परिच्छेद दावा करत नाही, तिथे तिची गरज नाही. लोकसेवा आयोगाच्या सामान्य अध्ययनात 10 गुणांचे उत्तर दीडशे शब्दांत मागतात. तिथे असा एक परिच्छेद लिहिला तर सगळी जागा त्यातच जाईल. अशा उत्तरात प्रत्येक मुद्द्याला दोन वाक्ये द्या, एक पुराव्याचे आणि एक “नसते तर काय” याचे, आणि दुवे सोडून द्या. निबंधाच्या पेपरमध्ये दोन निबंध, प्रत्येकी 125 गुणांचे आणि हजार ते बाराशे शब्दांचे असतात. तिथे असे सात-आठ परिच्छेद आरामात बसतात.